वर्षात नऊ वेळा टॉन्सिल्स, आता काढायचेच का?

सावनी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. लेक सहा वर्षांचा पूर्ण आहे. गेल्या वर्षभरात नऊ वेळा टॉन्सिल्स झाले. नऊ! दर वेळी तेच, ताप, घसा, खाणं बंद, रात्रभर जागरण, शाळा बुडते ती वेगळीच. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञ म्हणतात थांबूया, पण मागच्या आठवड्यात एका घशाच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत म्हणाले खूप मोठे आहेत, काढून टाका. नवरा लगेच तयार, मी नाही. दोनदा स्वॅब पण झालाय, एकदा काहीच आलं नाही आणि एकदा स्ट्रेप नावाचा जंतू आला, म्हणजे नक्की काय समजायचं? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी प्लीज सांगा.

मुग्धा_म
आम्ही मुलीचे काढले, साडेसात वर्षांची असताना. आता दीड वर्ष झालं, घसा एकदाच धरला. पण तेव्हाचे दहा दिवस विसरणार नाही, ते नंतर सविस्तर लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

सदाशिव
अहो ताई, टॉन्सिल म्हणजे घशातले पहारेकरी. पहारेकरीच काढून टाकलेत तर चोर थेट आत. माझे लहानपणी काढले, तेव्हापासून सर्दी माझी पाठ सोडत नाही. प्रतिकारशक्ती जाते त्याने. वयात आलं की आपोआप बसतात, नाद सोडा.

कानाघसा
काका अर्धे बरोबर आहेत. मोठं होता होता बहुतेक मुलांचा त्रास कमी होतो हे खरं, आणि थांबायचं खरं कारण तेच आहे. पहारेकऱ्याचं मात्र तसं नाही, घशात आणि नाकामागे तशाच पेशींचं अख्खं कडं असतं, दोन चौक्या बंद झाल्या म्हणून पोलीस खातं बरखास्त होत नाही. टॉन्सिल काढलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती कोलमडते असं दिसलेलं नाही. आणि तुमच्या सर्दीचा टॉन्सिलशी काही संबंध नाही, ती नाकाची आहे :)

सावनी, मी याच धंद्यातला आहे म्हणून आधी दोन प्रश्न. एक, झोपेत घोरतो का, श्वास मधेच थांबल्यासारखा होऊन दचकतो का? दोन, त्या नऊ वेळांपैकी प्रत्येक वेळी डॉक्टरांनी घसा पाहिला होता का, आणि ताप किती होता? फाईल असेल तर एकेक लिहा. "नऊ वेळा" या आकड्यावर मी काहीच सांगू शकत नाही.

निवांत
मलाही हाच त्रास आहे. टॉन्सिलवर पांढरे खडे येतात, वास येतो, खोकताना बाहेर पडतात. वय ४१. काढावेत का?

कानाघसा
निवांत, ते खडे म्हणजे टॉन्सिलच्या खाचांमधे साठलेला कचरा. ते इन्फेक्शन नव्हे, आणि हा धागा लहान मुलांचा आहे. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सावनी
घोरत नाही, सर्दी असली की थोडंसं, एरवी शांत झोपतो. फाईल काढून बसले काल रात्री, बरोबर मोबाईलमधले ग्रूपचे मेसेज पण बघितले कारण तापाचे आकडे मी नवऱ्याला पाठवलेले असतात. हे घ्या:

जून - ताप 102.5, गिळता येईना, डॉक्टरांनी पाहिलं, दोन्ही बाजूला पू. अमॉक्सिसिलीन दहा दिवस दिलेलं, पाचव्या दिवशी बरा वाटला म्हणून मी बंद केलं (ओरडू नका).
जूनच्या शेवटी - औषध थांबवल्यावर नवव्या दिवशी परत तेच सगळं.
ऑगस्ट - ताप 100, नाक गळत होतं, खोकला, डोळे लाल. घरात सगळ्यांनाच झालं होतं.
सप्टेंबर - तोंडात आणि तळहातावर फोड, वर्गात पाच जणांना होतं.
ऑक्टोबर - 103, पू, मानेला गाठ. अँटिबायोटिकच्या तिसऱ्या दिवशी स्वॅब, रिपोर्टमधे काही उगवलं नाही.
डिसेंबर - प्रवासात होतो, फोनवर विचारून उरलेलं औषध दिलं. ताप मोजला नाही.
जानेवारी - सर्दी खोकला, आवाज बसला, ताप नाही, घसा दुखतो म्हणाला. शाळेत स्ट्रेप चालू होता म्हणून स्वॅब केला, स्ट्रेप आला.
फेब्रुवारी - 102, गाठी दुखत होत्या, क्लिनिकमधेच झटपट टेस्ट केली ती निगेटिव्ह. पुढे कल्चर केलं नाही.
एप्रिल - 102, पू, झटपट टेस्ट पॉझिटिव्ह, दहा दिवस पूर्ण दिलं.

लिहिताना मलाच कळलं की मी सगळं एकाच पोत्यात भरत होते.

पेट्रीडिश
सावनी, ऑक्टोबर आणि जानेवारी वाचून माझ्यातली लॅबवाली जागी झाली, मी लिहिते. (मी बावीस वर्षं घशाचे स्वॅब वाचतेय, पेशंट कमी आणि प्लेटा जास्त बघितल्यात.)

अँटिबायोटिकच्या तिसऱ्या दिवशी घेतलेला स्वॅब म्हणजे पाऊस पडून गेल्यावर पायाचे ठसे शोधणं. एकदोन डोसातच घशातला स्ट्रेप इतका कमी होतो की प्लेटवर उगवतच नाही. म्हणून त्या "काही उगवलं नाही"चा अर्थ स्ट्रेप नव्हता असा होत नाही, अर्थच काही होत नाही. स्वॅब पहिल्या डोसाच्या आधी.

दुसरं म्हणजे स्वॅब कसा घेतला. मूल लाथा मारत असतं, आई रडकुंडीला आलेली, घेणारा कापूस जिभेवर टेकवून बाहेर काढतो आणि आमच्याकडे येते नुसती लाळ. जीभ दाबून धरायची, कापूस दोन्ही टॉन्सिलवर चांगला घासायचा, मग घशाच्या मागच्या भिंतीवर, आणि गाल जीभ कशालाही न लावता बाहेर. मुलाला उबळ आली नाही तर मला शंका येते. आम्ही तो रक्ताच्या आगरवर लावतो, शरीराच्या तापमानाला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडाकडे धरून बघतो. स्ट्रेप असेल तर टाचणीच्या टोकाएवढा राखाडी ठिपका आणि भोवती काचेसारखं स्वच्छ कडं, कारण त्याने भोवतालचं रक्त विरघळवलेलं असतं. चोवीस तासांत नाही दिसलं तर अठ्ठेचाळीसला परत बघायचं, काही तेव्हाच दिसतात. म्हणून "कालच दिला रिपोर्ट का नाही" असे फोन आले की मी शांतपणे दोन दिवस लागतील सांगते.

फेब्रुवारीची झटपट टेस्ट: पॉझिटिव्ह आली तर सहसा खरी. निगेटिव्ह आली तर मात्र खऱ्या स्ट्रेपवाल्या शंभर मुलांमधली साधारण पंधरा तिच्या हातून निसटतात, म्हणून लहान मुलांत निगेटिव्हनंतर कल्चर करतात, म्हणजे वर सांगितलं तसं प्लेटवर उगवून बघतात. तुमचं ते राहिलं.

टिकटिक
यापेक्षा एएसओ करा ना रक्ताची. आमच्या मुलाची 400 आली, म्हणजे स्ट्रेप आहेच, सरळ इंजेक्शनं चालू केली. स्वॅबची कटकट नाही, रक्त घेतलं की झालं.

पेट्रीडिश
टिकटिक, एएसओ आज घशात काय चाललंय ते सांगत नाही, आधी कधीतरी स्ट्रेप येऊन गेला एवढंच सांगते. इन्फेक्शननंतर आठवड्याभराने चढायला लागते, तीन ते सहा आठवड्यांनी सगळ्यात वर जाते आणि नंतर कितीतरी महिने वरच रेंगाळते. शाळेत जाणाऱ्या मुलांत ती एरवीही मोठ्यांपेक्षा जास्तच सापडते. संधिवाताच्या तापाची, म्हणजे सांधे आणि हृदयाची शंका असेल तेव्हा ती टेस्ट खरी कामाची. तसं काही असेल म्हणून इंजेक्शनं दिली असतील तर ठीक, नुसत्या आकड्यावर दिली असतील तर डॉक्टरांना परत विचारा.

टिकटिक
सांधे वगैरे काही नव्हतं. विचारतो. पण इतके डॉक्टर लिहून देतात ती टेस्ट, सगळेच चुकीचे का?

कानाघसा
सगळे नाही, पण बरेच. असो.

सावनी, आता तुमची यादी. घसादुखीचा भाग मोजायचा तर घसा दुखण्याबरोबर या चारातलं निदान एक हवं: 101च्या वर ताप, मानेच्या दुखऱ्या किंवा मोठ्या गाठी, टॉन्सिलवर पू, किंवा स्वॅबमधे स्ट्रेप. आणि ते त्या वेळीच कागदावर आलेलं हवं, नंतर आठवून नाही. ऑपरेशनचा विचार कधी, तर असे भाग एका वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन. हे आकडे पिट्सबर्गच्या पॅराडाइज नावाच्या बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासातून आलेत, 1984 साली छापला तो, आणि अजून जगभर तेच वापरतात.

जून एक. जूनचा दुसरा मी वेगळा धरणार नाही, अर्धवट मारलेलं तेच परत उठलं. ऑगस्ट बाद, तो उघड व्हायरल होता, असल्या वेळी स्वॅब पण करायचा नसतो. सप्टेंबर बाद, तो फोडांचा आजार, टॉन्सिलचा नाहीच. ऑक्टोबर धरला, स्वॅब निगेटिव्ह असला तरी, कारण ताप, पू, गाठ तिन्ही होतं. डिसेंबर बाद, कुणी घसा पाहिला नाही. फेब्रुवारी, एप्रिल धरले. झाले चार.

वैशाखवणवा
पण डॉक, मग जानेवारी? स्वॅब पॉझिटिव्ह आहे, तुमच्याच चार निकषांत बसतो की. आणि जून-जून नऊ दिवसांचं अंतर होतं, ताप परत आला, मी आई असते तर दोन मोजले असते.

कानाघसा
बरोबर पकडलंत. कागदावर जानेवारी बसतो. माझ्या डोक्यात बसत नाही, कारण नाक गळतंय, खोकला, आवाज बसलेला, ताप नाही, हे चित्र स्ट्रेपचं नाही. मला वाटतं हा मुलगा कॅरियर असावा, म्हणजे घशात स्ट्रेप मुक्कामाला आहे पण त्रास देत नाहीये, आणि त्या वेळी सर्दी वेगळ्याच व्हायरसची होती. शाळकरी मुलांत शंभरातली दहाबारा अशी सापडतात, काहीही होत नसताना. स्वॅब फक्त "आहे" सांगतो, "यानेच केलं" सांगत नाही.
जूनबद्दल वाद घालणार नाही, दुसरा सर्जन दोन धरेल. तर चार, फार तर सहा. सात होत नाहीत.

सावनी
नऊचे चार! नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणतो पण त्रास तर नऊ वेळाच झाला ना पोराला, तुमच्या मोजणीने जागरण कमी झालं का. मला उत्तर देता आलं नाही.

कानाघसा
त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण त्या नऊमधले ऑगस्ट, सप्टेंबर, बहुधा जानेवारीसुद्धा, टॉन्सिल काढले असते तरी झालेच असते, सर्दी आणि फोड टॉन्सिलवर अवलंबून नाहीत. नवरोबांना हे सांगा.
अजून एक सांगा. त्याच पिट्सबर्गच्या मंडळींनी आधी 1978 साली 65 मुलं घेतली होती, सगळ्यांच्या आईवडलांनी सांगितलेला इतिहास भरभक्कम, पण कागद नव्हते. मग बारकाईने लक्ष ठेवलं तर फक्त 11 जणांचा त्रास सांगितल्याएवढा निघाला. आईबाप खोटं बोलत नाहीत, आजारी पोराच्या रात्री मोजताना बोटं कमीच पडतात, त्यात सर्दी खोकला सगळं "टॉन्सिल" होतं.
आणि ऑपरेशनचा फायदा लोक समजतात तेवढा मोठा नाही. सगळे अभ्यास एकत्र केले तर पहिल्या वर्षात काढलेल्या मुलांना सरासरी तीन वेळा घसादुखी, न काढलेल्यांना 3.6. त्या तीनमधली एक ऑपरेशनचीच. ज्यांना खूप जास्त त्रास आहे त्यांना फायदा जास्त, तुमच्यासारख्या मधल्या मुलांत फरक छोटा.

सदाशिव
आमच्या वेळी तर घरातल्या सगळ्या भावंडांचे एकदम काढत. एकाचे काढायचेच आहेत तर बाकीच्यांचेही.

कानाघसा
काका, तुमची पिढी थोडक्यात वाचली म्हणायची. 1934 मधे न्यूयॉर्कमधे 1000 शाळकरी मुलं तपासली. 61 टक्क्यांचे आधीच काढलेले. उरलेली डॉक्टरांना दाखवली, त्यातल्या 45 टक्क्यांना म्हणाले काढा. ज्यांना "नको" म्हटलं ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यातल्या 46 टक्क्यांना काढा. परत उरलेली तिसऱ्यांना, 44 टक्के! मुलं बदलत गेली, टक्का तोच. म्हणून मी टॉर्च मारून दोन मिनिटांत "मोठे आहेत, काढा" म्हणणाऱ्याला घाबरतो. सहाव्या वर्षी टॉन्सिल मोठेच असतात. झोपेत श्वास अडत असेल तर मोठेपणा महत्त्वाचा, आणि ते वेगळं कारण आहे, तिथे मी मोजत बसत नाही.

रानवारा
मी जरा वेगळी केस सांगते कारण आमचं सगळ्यांनी सात-पाच-तीनमधे बसवायचा प्रयत्न केला आणि उत्तर तिसरंच निघालं. मुलगी अडीच वर्षांची असल्यापासून दर चार आठवड्यांनी 104 ताप, चार दिवस, घसा लाल, गाठी, तोंडात एखादा छाला. मधे एकदम ठणठणीत. स्वॅब दर वेळी निगेटिव्ह, अँटिबायोटिक दिलं तरी ताप चौथ्या दिवशीच जायचा, नाही दिलं तरी चौथ्याच दिवशी. सासूबाई कॅलेंडर बघून सांगायच्या की येत्या गुरुवारी येणार, आणि यायचा!! शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी तेच कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले हा ठरावीक मुदतीने येणारा ताप आहे, जंतूंचा नाही. स्टिरॉइडचा एक डोस दिला, काही तासांत ताप उतरला. आम्ही नंतर टॉन्सिल काढले आणि थांबलं. सगळ्यांचं थांबतंच असं नाही म्हणाले होते.

पेट्रीडिश
ही उत्तम केस. बरोबर घेतलेला स्वॅब दर वेळी निगेटिव्ह येतोय हीसुद्धा माहितीच आहे, आणि लोक ती फेकून देतात. किंवा उलटं होतं, रिपोर्टमधे घशात राहणारा दुसराच कुठलातरी जंतू लिहिलेला असतो आणि त्याच्यावर महागडं अँटिबायोटिक चालू. लहान मुलाच्या साध्या घसादुखीच्या स्वॅबमधे मुख्य प्रश्न एकच, स्ट्रेप आहे का नाही.

मुग्धा_म
आता माझं. ऑपरेशनचा दिवस सोपा गेला, त्याच दिवशी संध्याकाळी घरी. घशात दोन्हीकडे पांढरा थर येतो, तो पू नव्हे, खपलीच, आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. तिसऱ्या दिवसापासून कान दुखतो म्हणून रडायची, कानात काही नसतं, दुखणं घशाचं. पाणी प्यायला नकार, आणि न प्यायल्याने अजून दुखायचं. मी चमच्याने, घड्याळ लावून. दुखण्याचं औषध पण घड्याळाप्रमाणे, रात्री उठवून सुद्धा, कारण एक डोस चुकला की पुढचे सहा तास गेले.
सातव्या रात्री मी शेजारी झोपले होते, तर ती झोपेत सारखी गिळतेय असं जाणवलं. दिवा लावला, उशीवर लाल डाग. तसंच उचललं आणि हॉस्पिटल. परत भूल देऊन ती जागा बंद केली. आता छान आहे. पण कुणी "छोटंसं ऑपरेशन" म्हटलं की मला ती उशी आठवते.

कानाघसा
पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं, शंभरात काही जणांना येतंच. तुम्ही झोपेतलं गिळणं ओळखलंत हे फार मोठं. थोडंसं आलं आणि थांबलं तरी जायचंच, वाट बघायची नाही.

सावनी
मुग्धा, अंगावर काटा आला. ठरलं, थांबतोय. पुढच्या वेळी पहिला डोस द्यायच्या आधी स्वॅब. पण दोन दिवस रिपोर्टला थांबायचं आणि पोर तापाने तळमळतंय, औषध उशिरा दिलं म्हणून हृदयाला काही झालं तर?

पेट्रीडिश
तळमळीसाठी तापाचं दुखण्याचं औषध आहेच, ते लगेच द्या. हृदयाच्या भीतीपोटी घाई नको, घसा सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत अँटिबायोटिक सुरू केलं तरी तो धोका टळतो. मात्र लाळ गिळता येत नाहीये, तोंड उघडत नाहीये, एकाच बाजूला सूज, श्वासाला त्रास, असं काही असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, तडक दाखवा.

सावनी
चार महिन्यांनी परत आले, ऑगस्ट संपत आला. मधे एकदाच झालं. 102.5, पू, खोकला नाही. डोस आधी नाही, स्वॅब आधी, आणि या वेळी बाईंनी असा घेतला की त्याला सणसणीत उबळ आली (पेट्रीडिश, तुमची आठवण झाली). झटपट निगेटिव्ह, कल्चर दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह. दहा दिवस पूर्ण, मोजून. नंतर दोन आठवड्यांनी अगदी ठणठणीत असताना बालरोगतज्ज्ञांनी एक स्वॅब केला, कॅरियर आहे का बघायला. तोही पॉझिटिव्ह.

कानाघसा
म्हणजे जानेवारीचा सोडा. कॅरियरच. त्याला औषध नको, त्याच्याकडून सहसा कुणाला लागणही होत नाही.

पेट्रीडिश
कॅरियर मान्य, पण मग आत्ताचा कल्चर पॉझिटिव्ह पण त्याच कॅरियरपणाचा कशावरून नाही? ताप आणि पू व्हायरसनेही येतो.

कानाघसा
खोकला नाही, सर्दी नाही, पू, 102.5. मी धरतो.

पेट्रीडिश
मी अर्धा धरते.

सावनी
जून आणि मागचा ऑगस्ट आता वर्षाच्या बाहेर गेले. फ्रिजवर कागद लावलाय, त्यावर ऑक्टोबर, फेब्रुवारी, एप्रिल, आणि या ऑगस्टपुढे प्रश्नचिन्ह. नवरा येताजाता बघतो आणि विचारतो, साडेतीन का?